यादीत नाव आल्यानंतर

सरकारी बँकेत बढतीची यादी बहुतेक वेळा संध्याकाळी लागते. मुख्य कार्यालय ती बँकेच्या अंतर्गत पोर्टलवर टाकते, आणि ज्याचं नाव त्यात असतं त्याने ती उघडायच्या आधी दुसऱ्या जिल्ह्यातल्या कुणीतरी उघडलेली असते. त्यामुळे पहिला फोन येतो तो जुन्या शाखेतल्या सहकाऱ्याचा किंवा युनियनच्या माणसाचा. ‘अभिनंदन! पेढे कधी?’ रात्री नऊपर्यंत शाखेच्या ग्रुपवर टाळ्यांची आणि फुलांची रांग लागते, आणि ज्याची बढती झाली तो मात्र अजून गप्प असतो, कारण काय लिहावं हे त्याला सुचत नसतं. मी शाखेत आयुष्य काढलं, निम्मं काउंटरच्या अलीकडे आणि निम्मं मॅनेजरच्या खुर्चीत. या चार-सहा ओळींवर लोक किती अडतात ते जवळून पाहिलं आहे. अडतात ते बरोबरच आहे. त्या ओळींत खूप काही सांभाळायचं असतं.

आधी बढती म्हणजे नेमकं काय ते पाहू. क्लार्क (आता करारात त्याचं नाव कस्टमर सर्व्हिस असोसिएट झालं आहे, पण शाखेत सगळे क्लार्कच म्हणतात) परीक्षा देऊन स्केल वन अधिकारी होतो. बाहेरच्या माणसाला वाटतं, पगार दुप्पट झाला असेल. तसं होत नाही. १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झालेल्या बाराव्या द्विपक्षीय कराराप्रमाणे क्लार्कचं मूळ वेतन २४,०५० रुपयांपासून ६४,४८० पर्यंत जातं, आणि स्केल वनचं ४८,४८० पासून ८५,९२० पर्यंत. म्हणजे या दोन श्रेणी एकमेकींत शिरलेल्या आहेत. नुकत्याच लागलेल्या क्लार्कला बढतीचा मोठा फायदा होतो. पण वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या क्लार्कचं मूळ वेतन आधीच अधिकाऱ्याच्या सुरुवातीच्या वेतनापुढे गेलेलं असतं. त्याला नव्या श्रेणीत बसवताना नुकसान होऊ देत नाहीत, पण हातात पडणारा फरक थोडा असतो. बदल्यात ओव्हरटाइम जातो, घरी जायची वेळ ठरलेली राहत नाही आणि बदली जवळजवळ नक्की होते, कधी कधी परराज्यात. म्हणून प्रत्येक शाखेत एखादा असा हुशार, जुना क्लार्क भेटतो की ज्याने बढतीचा फॉर्म कधी भरलाच नाही. घरी म्हातारे आई-वडील आहेत, मुलांची शाळा आहे, शेत आहे. त्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला असतो. बढतीचा आनंद ज्या ग्रुपवर कळवायचा, त्या ग्रुपवर हा माणूसही असतो. ‘मेहनत केली की फळ मिळतंच’ असं तिथे लिहिलं, तर ते त्याला कसं वाचायला लागेल याचा विचार करायला हवा.

आता निवड कशी होते ते. प्रत्येक बँकेचं धोरण थोडं वेगळं असतं, पण साधारण घटक तेच: लेखी परीक्षा, मुलाखत, कामाच्या मूल्यमापनाचे गुण आणि कुठे कुठे सेवाज्येष्ठतेचे. यातली परीक्षा एकट्याची वाटते. जरा जवळून पाहिलं तर तीही तशी नसते.

बँकेचं काम मुळातच दोघांच्या हातून होतं. एकाने एन्ट्री टाकायची, दुसऱ्याने ती तपासून पास करायची. तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडे असतात. एकट्याला ती उघडताच येत नाही. काउंटरवरच्या क्लार्कची नोंद सहसा चुकत नाही, असं जेव्हा मूल्यमापनात लिहिलं जातं, तेव्हा त्यामागे पास करणारा अधिकारी असतो. चेकवरची तारीख जुनी आहे किंवा खात्याच्या नंबरमधला आकडा उलटा झाला आहे, हे त्यानेच पाहून शांतपणे परत पाठवलेलं असतं. परीक्षेसाठी चार दिवस रजा घ्यायची, तर त्या चार दिवसांची गर्दी शेजारच्या काउंटरवर जाते. मुलाखतीत पॅनेल विचारतं ते कर्जाबद्दल, थकबाकीबद्दल, प्राधान्य क्षेत्राबद्दल. आणि जो दहा वर्षं नुसती कॅश मोजत बसला त्याला हे माहीत असायचं कारण नाही. त्याला काउंटरवरून उठवून कर्ज विभागात बसवणारा कुणीतरी मॅनेजर असावा लागतो. मनुष्यबळ कमी असताना चांगला कॅशियर काउंटरवरून हलवणं मॅनेजरच्या गैरसोयीचं असतं. जो ती गैरसोय पत्करतो त्याने खरंच मदत केलेली असते.

म्हणून ‘माझ्या यशात संपूर्ण टीमचा मोलाचा वाटा आहे’ हे वाक्य मला फार अपुरं वाटतं. ते खोटं नाही. पण त्यात कुणी काय केलं हे येत नाही, आणि ज्याने केलं त्याला ते वाचून आपण दिसत नाही. वाटा किती आणि कशाचा, हे बँकेतला माणूस एरवी पैशापैशापर्यंत लिहितो. आभार मानतानाच त्याने ढोबळ का व्हावं?

या बाबतीत प्रतीक्षा तोंडवळकर यांची हकिकत आठवते. २०२२ मध्ये त्या स्टेट बँकेत सहायक महाव्यवस्थापक झाल्या तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी ती छापली. १९६४ मध्ये पुण्यात जन्म, दहावी पुरी होण्याआधी सोळाव्या वर्षी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य आणि पदरात लहान मूल. पती स्टेट बँकेत पुस्तकबांधणीचं काम करायचे. त्याच बँकेत त्यांनी सफाईचं काम धरलं. महिन्याला साठ-पासष्ट रुपये मिळायचे. तिथून दहावी, मग विक्रोळीच्या रात्र महाविद्यालयातून बारावी, मग मानसशास्त्रातली पदवी, क्लार्क, २००४ मध्ये प्रशिक्षणार्थी अधिकारी, आणि शेवटी स्केल फाइव्ह. ज्यांना बँकेची उतरंड माहीत आहे त्यांना या वाटेची उंची कळेल. मला या हकिकतीत लक्षात राहिलं ते दुसरंच. दहावीच्या परीक्षेच्या वेळी बँकेतल्या अधिकाऱ्यांनी त्यांना अभ्यासासाठी महिनाभर रजा मिळवून दिली. पुस्तकं आणि वह्या नातेवाइकांनी, सहकाऱ्यांनी आणून दिल्या. बँकेतच काम करणाऱ्या दुसऱ्या पतींनी बँकेच्या परीक्षांना बसण्यासाठी आग्रह धरला. मदत सांगितली जाते ती अशी: एक महिना, पुस्तकं, एकाचा आग्रह. सदतीस वर्षांनंतरही ती सांगता येते, कारण ती मोजता येण्यासारखी होती.

आता एक मेसेज पाहू. मी मॅनेजर असताना तालुक्याच्या गावातल्या आमच्या शाखेतल्या एका क्लार्क मुलीची स्केल वनला निवड झाली. तिने रात्री ग्रुपवर जे लिहिलं ते माझ्या आजवर वाचनात आलेल्या अशा मेसेजमध्ये सर्वांत चांगलं होतं. जवळपास असं:

‘नमस्कार. आज लागलेल्या क्लार्क ते स्केल वनच्या यादीत माझं नाव आहे. पोस्टिंग अजून आलेली नाही. अभ्यासाच्या रजेत माझ्या काउंटरची गर्दी हेड कॅशियर मॅडमनी स्वतःकडे घेतली. मार्चएंड जवळ आलेला असताना रजा मागायला मी कचरत होते, तर “तू अर्ज टाक, मी आहे” असं मॅडमच म्हणाल्या. शेती अधिकारी सरांनी कर्जाच्या फाइल कशा वाचायच्या ते शिकवलं. ९० दिवसांचा नियम पीक कर्जाला तसाच का लागत नाही, हे सरांनी चहा पिता पिता सांगितलं होतं. मुलाखतीत तोच प्रश्न आला. जुन्या फाइल रेकॉर्ड रूममधून काढून देणाऱ्या आणि पुन्हा जागच्या जागी लावणाऱ्या काकांना मी खूप त्रास दिला आहे, त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही. साहेबांनी मला गेल्या वर्षी कर्ज विभागात बसवलं म्हणून मी फॉर्म भरायचं धाडस केलं. उद्या सकाळी सगळ्यांना भेटतेच.’

बस, एवढंच. यात ‘प्रवास’ नाही, ‘संघर्ष’ नाही, देवाची कृपाही नाही. ती तिने घरी मानली असेल. पहिल्या ओळीत बातमी सरळ सांगितली आहे. पुष्कळ लोकांना वाटतं की नम्र राहायचं म्हणजे बातमी गोलगोल सांगायची: ‘सर्वांच्या आशीर्वादाने एक छोटीशी गोष्ट घडली आहे.’ मग वाचणारे विचारत बसतात, काय घडलं? बढती कुठल्या पदावर, हे एका वाक्यात सांगून टाकलं की पुढची सगळी जागा इतरांसाठी मोकळी राहते. पोस्टिंग आलेली नाही हेही तिने लिहिलं, त्यामुळे ‘कुठे मिळाली?’ हा प्रश्न वीस जणांनी विचारायचं टळलं.

शेती अधिकाऱ्यांबद्दलची ओळ मला विशेष आवडली, म्हणून ती जरा उलगडून सांगतो. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून अधिक थकलं की ते खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए, होतं. हा नियम गृहकर्जाला, वाहन कर्जाला चालतो, कारण पगार दर महिन्याला होतो. सोयाबीन काही दर महिन्याला विकत नाही. म्हणून कमी मुदतीच्या पिकासाठी दिलेलं कर्ज थकलं तर दोन पीक हंगाम उलटेपर्यंत ते एनपीए धरत नाहीत, आणि जास्त मुदतीच्या पिकाला एक हंगाम धरतात. पुस्तकात ही एक ओळ असते आणि पाठ करणारा ती विसरतो. शेती अधिकाऱ्याने तिला खरिपाची पेरणी कधी, माल घरात कधी, बाजारात कधी आणि पैसे खात्यात कधी, असं महिन्यांनी मोजून दाखवलं होतं. मुलाखतीत पॅनेलने ‘असा फरक का?’ विचारलं तेव्हा तिने तेच महिने मोजून दाखवले. मेसेजमध्ये ही ओळ वाचून ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी दिवसभर खुशीत होते. त्यांनी पाच-दहा मिनिटं दिली होती आणि ती कुठे पोचली हे त्यांना कळलं. ‘सरांचं मार्गदर्शन लाभलं’ एवढंच लिहिलं असतं तर ते कळलं नसतं.

मेसेजमध्ये काय नव्हतं, तेही सांगायला हवं. शाखेतून त्या वर्षी दोघं परीक्षेला बसले होते, आणि दुसऱ्याचं नाव यादीत नव्हतं. दोघांनी एकत्र अभ्यास केला होता. तो गणितात आणि संगणकाच्या प्रश्नांत तिच्याहून सरस. यादी लागल्यावर तिने सर्वांत आधी त्याला फोन केला, ग्रुपवर काही लिहायच्या आधी. तुमचं नाव आभारात घेऊ का, असं विचारलं. तो म्हणाला, ‘नको ताई, आत्ता नको.’ तिने घेतलं नाही. याच्या उलटही मी पाहिलं आहे: ‘माझा मित्र अगदी थोडक्यात राहिला, पुढच्या वेळी नक्की होईल’ असं कुणीतरी चांगल्या मनाने ग्रुपवर लिहितो, आणि त्या मित्राला पन्नास जणांच्या सांत्वनाला उत्तरं द्यावी लागतात. ज्याची निवड झाली नाही त्याच्याबद्दल बोलायचा हक्क त्याचाच. त्याला फोन करावा, तोही यादी सगळीकडे फिरायच्या आत.

आभारांत बँकेच्या माणसाने आणखी एक सांभाळायचं असतं. बाहेरच्यांच्या ते लक्षात येणार नाही. मेसेज ही लेखी गोष्ट असते आणि ती शाखेबाहेर जाते. ‘मी परीक्षेला गेलो तेव्हा मॅडमनी माझ्याच आयडीवर माझं काउंटर चालवलं’ असं कौतुकाने लिहिलं, तर ते कौतुक राहत नाही, गुन्ह्याची कबुली होते. स्वतःचा यूजर आयडी आणि पासवर्ड दुसऱ्याला देणं ही बँकेत शिस्तभंगाची बाब आहे, आणि आभार ज्यांचे मानले त्या मॅडमही अडचणीत येतात. ‘साहेब रोज तासभर आधी सोडायचे, हजेरी सांभाळून घ्यायचे’ हेही तसंच. असं काही घडलं असेल तर ते मुळात घडायला नको होतं, आणि प्रेमापोटी ते लेखी तर अजिबात आणू नये. तिसरी गोष्ट ग्राहकांची. बचत गटाच्या अमुक अध्यक्षांनी वेळेवर कर्ज फेडलं म्हणून माझं काम दिसलं, असं लिहिण्याचा मोह होतो. पण कुणाचं खातं कुठे आहे, कर्ज किती, फेडलं की नाही, हे बँकेने गुप्त ठेवायचं असतं. चांगली गोष्ट असली तरी ती त्या खातेदाराची आहे. त्यांना भेटून आभार मानावेत.

साहेबांच्या आभारांचा प्रश्न थोडा नाजूक आहे. मॅनेजर त्याच ग्रुपवर असतो, मूल्यमापन त्यानेच लिहिलेलं असतं, आणि त्याची स्तुती जरा जास्त झाली की इतरांना ती खटकते. मी खुर्चीत असताना मला स्वतःला हे अवघडायचं. यावर उपाय साधा आहे: साहेबांनी केलेली एकच गोष्ट लिहावी, आणि ती शेवटी लिहावी. त्या मुलीने तेच केलं. हेड कॅशियर पहिल्या, मग शेती अधिकारी, मग काका, आणि मी सर्वांत शेवटी, एका ओळीत. तो क्रम हुद्द्याचा नव्हता. कुणाला किती झळ लागली त्याचा होता. रजेच्या दिवसांत सर्वांत जास्त झळ काउंटरलाच लागली होती.

दुसऱ्या दिवशी पेढे आले. पेढ्यांचीही शाखेत एक रीत असते. बँक उघडायच्या आधी वाटावेत, कारण दहानंतर कॅशवर बसलेल्याला हात पुसायला वेळ नसतो आणि नोटांना तूप लागतं. दारावरच्या सुरक्षारक्षकापासून सुरुवात करावी, तो आपल्या जागेवरून हलू शकत नाही. सफाईच्या ताई सकाळी लवकर येऊन जातात, त्यांचा पुडा वेगळा काढून ठेवावा. या लोकांपैकी बरेच जण ग्रुपवर नसतात. मेसेज कितीही चांगला लिहिला तरी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांना तोंडानेच सांगावं लागतं. त्या सकाळी काकांनी पेढा घेतला, खिशात ठेवला आणि विचारलं, ‘म्हणजे आता ताई, इथून जाणार?’

काकांचा प्रश्न बरोबर होता. बढतीबरोबर बहुतेक वेळा बदली येते, त्यामुळे ज्यांच्यामुळे बढती मिळाली त्यांनाच सोडून जावं लागतं. पोस्टिंगचा आदेश वेगळा निघतो, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. आदेशात रुजू व्हायची मुदत असते, आणि त्या मुदतीत गेलं नाही तर बढती रद्द समजली जाते. वर पुढची काही वर्षं परीक्षेला बसता येत नाही, असंही अनेक बँकांच्या धोरणात असतं. म्हणून यादी लागल्याच्या रात्री जे लिहायचं ते आभारांचं लिहावं, निरोपाचं नको. ‘तुम्हा सर्वांना सोडून जाताना’ वगैरे आधीच लिहून टाकलं आणि पोस्टिंग शेजारच्या गावच्या शाखेत आली, असंही झालेलं आहे. निरोपाचा समारंभ रिलीव्हिंगच्या दिवशी होतो, त्याचं भाषण वेगळं.

मधले जे दिवस मिळतात ते चार्ज देण्याचे. कुठल्या खात्याच्या केवायसीची मुदत संपत आली आहे, कुठल्या कर्जाचा विमा पुढच्या महिन्यात नव्याने करायचा आहे, कुणाचे दस्त सब-रजिस्ट्रारकडून यायचे आहेत, ही सगळी यादी मागे बसणाऱ्याला लिहून द्यायची. आमच्या त्या मुलीने ती इतकी नीट लिहिली की तिच्या जागी आलेल्या क्लार्कला पहिल्या महिन्यात तिला एकदाही फोन करावा लागला नाही. टीमचे आभार म्हणून ही यादी मला मेसेजइतकीच मोलाची वाटली. जाणाऱ्याने अर्धवट ठेवलेलं काम शेवटी त्याच लोकांच्या अंगावर पडतं, ज्यांचे आभार मानून तो गेलेला असतो.

तिची पोस्टिंग विदर्भात आली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने अभ्यासाची पुस्तकं, परिपत्रकांची फाइल आणि मुलाखतीत पॅनेलने विचारलेले सगळे प्रश्न आठवून लिहिलेली वही त्या सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवली. प्रत्येक प्रश्नाखाली तिने काय उत्तर दिलं आणि पॅनेलने त्यावर पुढे काय विचारलं, तेही लिहिलं होतं. पुढच्या वर्षीच्या परीक्षेचा फॉर्म त्याने मुदतीच्या पहिल्याच दिवशी भरला. त्याच्या रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आला तेव्हा त्यावर हेड कॅशियर मॅडमनी आधीच लिहून ठेवलं होतं: काउंटरची व्यवस्था केली आहे.